तर्ककोड्यांच्या क्लबचं पत्र आणि ‘फायदे’ नावाचा परिच्छेद

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दर आठवड्याला तर्ककोड्यांचा क्लब सुरू करायचा, असं आमच्या शाळेत ठरलं. मुख्याध्यापिकांनी होकार दिला, वर्गखोली मिळाली, वारही नक्की झाला. आता पालकांना पत्र पाठवायचं होतं. त्यातला अर्धा भाग बसल्या बैठकीला लिहून झाला: शाळा सुटल्यावर पाऊण तास, सोबत एक वही आणि पेन्सिल, परीक्षा नाही, गुण नाहीत, क्रमांक नाहीत, गृहपाठ नाही. खाली संमतीची चिठ्ठी, कापून परत पाठवायची. ‘क्लबचे फायदे’ या परिच्छेदाशी मात्र मी अडले.

नमुना म्हणून दुसऱ्या उपक्रमांची जुनी पत्रं काढून पाहिली. सगळीकडे तीच वाक्यं होती: बुद्धी तल्लख होते, स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढते, आत्मविश्वास येतो, व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होतो. यातलं कुठलंही वाक्य उचलून हस्तकलेच्या पत्रात टाकलं असतं तरी कुणाला फरक कळला नसता. मी स्वतःला एक प्रश्न विचारला. तीन महिन्यांनी एखाद्या पालकाने मुलाची वही माझ्यासमोर उघडली आणि ‘दाखवा फायदा’ म्हटलं, तर मी बोट कशावर ठेवणार? ज्यावर बोट ठेवता येईल, तेवढंच पत्रात लिहायचं असं ठरवलं.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं वेगळं होतं. ‘बाई, गणितात गुण वाढतील असं सरळ लिहा ना. पालक मुलाला पाऊण तास जास्त थांबवणार, न्यायला येण्याची वेळ बदलणार, त्यांना काहीतरी ठोस दिसायला नको?’ त्यांची अडचण खरी होती. पण गुण वाढतील असं लिहायला माझ्याकडे आधार नव्हता. उलट, असली वाक्यं लिहू नयेत असंच सांगणारे प्रयोग मला माहीत होते.

त्यातला जुना प्रयोग १९०१ सालचा, थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांचा. त्यांनी लोकांकडून आयतांच्या क्षेत्रफळाचा नजरेने अंदाज बांधण्याचा सराव करून घेतला. सरावाने ते त्यात तरबेज झाले. मग त्यांच्यापुढे वेगळ्या मापाच्या आणि वेगळ्या आकाराच्या आकृत्या ठेवल्या, तेव्हा कमावलेल्या कौशल्यातलं थोडंच पुढे आलं. काम तर तेच होतं, नजरेने अंदाज बांधायचा. तरीही आकृती बदलली की सुधारणा आटत होती. पुढे १९२४ साली थॉर्नडाइकने शाळेच्या विषयांकडे मोर्चा वळवला. त्या काळी लॅटिन आणि भूमिती शिकली की एकूण विचारशक्तीलाच धार येते अशी ठाम समजूत होती. त्याने हजारो विद्यार्थ्यांची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची चाचणी ताडून पाहिली. या विषयांना इतर विषयांहून काही खास झुकतं माप द्यावं असं त्याला आढळलं नाही. बुद्धिबळाबद्दलच्या अलीकडच्या अभ्यासांचं परीक्षण झालं त्यातही असंच दिसतं. तुलनेचा गट काहीच न करता बसलेला असेल तर बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांची प्रगती उठून दिसते. तुलनेच्या गटालाही दुसरा एखादा उपक्रम दिला की ती पुष्कळशी ओसरते.

हे सगळं सांगूनही मुख्याध्यापिकांना फारसं पटलं नाही. मग मी शिक्षकखोलीत टेबलावर कागदाची चार कार्डं मांडली. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेलं हे कोडं आहे, मी फक्त अक्षरं आपली घेतली. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. वर दिसत होतं: अ, क, ४, ७. नियम असा सांगितला: ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.’ हा नियम खरा की खोटा हे तपासायला नेमकी कुठली कार्डं उलटावीच लागतील?

शास्त्राचे सर म्हणाले, अ आणि ४. मराठीच्या बाईंचंही तेच उत्तर. एकजण म्हणाले, फक्त अ. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावं याबद्दल नियम काहीच बोलत नाही. सातच्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम तिथेच कोसळतो. वेसनच्या प्रयोगातही फार थोड्यांनी सात उचलला होता.

मग मी तीच कार्डं ग्रंथालयाच्या वेशात मांडली. नियम: ‘मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक नेणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं.’ कार्डाच्या एका बाजूला पुस्तकाचा विभाग, दुसऱ्या बाजूला नेणाऱ्याचं वय. वर दिसत होतं: मोठ्यांचा विभाग, बालविभाग, वय २०, वय १३. कुठली कार्डं तपासाल? सगळ्यांनी एका दमात सांगितलं: मोठ्यांचा विभाग आणि १३. वीस वर्षांच्या माणसाने कुठलं पुस्तक नेलं याच्याशी आपल्याला काय करायचंय! ग्रिग्स आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली मद्यपानाच्या वयाची अट घेऊन हाच बदल केला होता आणि तिथेही बहुतेकांना उत्तर सहज जमलं होतं. दोन्ही कोड्यांचा सांगाडा तंतोतंत एक. वेष बदलला की अवघड सोपं झालं.

मला म्हणायचं होतं ते एवढंच. तर्क हे पाण्यासारखं नसतं, की एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की झालं. तीच माणसं, तोच सांगाडा, टेबलही तेच, आणि तरी पहिल्या कोड्यात अडलेली मंडळी दुसऱ्यात अडली नाहीत. मग क्लबमध्ये कोडी सोडवली की गणिताच्या पेपरात गुण वाढतील हे मी कुठल्या तोंडाने लिहू? मुख्याध्यापिका हसल्या आणि म्हणाल्या, ‘ठीक आहे, पण मग काय लिहिणार ते तरी दाखवा.’

बऱ्याच खाडाखोडीनंतर पत्रात गेलेला परिच्छेद असा:

‘या क्लबमध्ये मुलं तीन गोष्टींचा सराव करतील. दिलेल्या माहितीतून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे वेगळं करणं. सगळ्या शक्यता मांडून त्या एकेक करून वगळणं, आणि वगळण्याचं कारण लिहिणं. आणि आपल्या उत्तराशिवाय दुसरं उत्तर शक्य नाही ना, हे तपासणं. हा सराव झाल्याने अशा प्रकारची कोडी मुलांना नक्की अधिक चांगली सोडवता येतील. भूमितीतल्या सिद्धतेतही प्रत्येक पायरीला कारण लिहावं लागतं, त्यामुळे तिथे ही पद्धत ओळखीची वाटू शकेल. परीक्षेतले गुण किंवा बुद्ध्यांक यांबद्दल आम्ही कोणतंही आश्वासन देत नाही.’

भूमितीचं वाक्य मुख्याध्यापिकांचं. त्यांनी ‘वाटेल’ लिहिलं होतं, मी ‘वाटू शकेल’ केलं. ते वाक्य मला चालण्यासारखं होतं, कारण तिथे कामाचं रूपच जवळचं आहे. शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर थोडी ओढाताण झाली, पण राहिलं.

एवढ्या वाक्यांनी पालकांना चित्र दिसणार नाही हे कळत होतं. म्हणून पत्रातच एक कोडं द्यायचं ठरलं, घरी मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून सोडवायचं. सुडोकूचा पर्याय सगळ्यांना आधी सुचला. सुडोकूत अंक निव्वळ खुणा म्हणून वापरलेले असतात, त्यांच्या जागी नऊ रंग घेतले तरी कोडं तेच राहतं. पण अंक दिसले की घरी ‘हे गणिताचं आहे’ असा शिक्का बसतो, म्हणून नको. लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार नेण्याचं कोडं निदान हजार वर्षांपूर्वीचं, त्यामुळे उत्तर प्रत्येक घरात कुणाला तरी पाठ. खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे यांची कोडी माझ्या आवडीची, पण पहिल्याच पत्रात ती दिली की ‘खोटं बोलणारा नेहमीच खोटं बोलतो का?’ इथेच निम्मा वेळ जातो.

शेवटी चार जणांच्या जागा शोधण्याचं साधं कोडं रचलं. आधी चौघांना बाकावर बसवलं होतं आणि ‘तन्वी साराच्या डावीकडे’ अशी एक अट होती. कच्चा कागद शास्त्राच्या सरांना दिला, तर त्यांनी लगेच विचारलं, ‘कुणाची डावी बाजू? बाकावर बसलेल्यांची की समोरून बघणाऱ्याची?’ या कोड्यात उरलेल्या अटी फक्त शेजार आणि टोकं यांच्याबद्दल होत्या. आरशात पाहिल्यावर शेजारी ते शेजारीच राहतात आणि टोकं टोकांनाच राहतात. उत्तर आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब यांत निवड करणारी ती एकच अट होती, आणि तिचाच अर्थ डळमळीत असून चालणार नव्हतं. म्हणून बाक काढला आणि रांग आणली. रांगेला तोंड असतं.

पत्रात गेलेलं कोडं:

‘मीरा, रोहन, सारा आणि तन्वी एका खिडकीसमोर रांगेत उभे आहेत. खिडकीजवळची जागा पहिली, सर्वांत मागची चौथी. सारा रांगेच्या कुठल्याही टोकाला नाही. रोहनही टोकाला नाही. मीरा आणि रोहन लागून उभे आहेत. तन्वी सारापेक्षा खिडकीच्या जवळ आहे. कोण कितव्या जागी आहे, आणि कशावरून?’

पाठवण्याआधी मी ते दोन्ही बाजूंनी तपासलं. पहिली तपासणी, उत्तर एकच येतं ना. चार जण रांगेत २४ प्रकारे उभे राहू शकतात. सारा टोकाला नाही म्हटलं की १२ उरतात. रोहनही टोकाला नाही म्हटलं की मधल्या दोन जागा सारा आणि रोहनच्या ठरल्या, आणि उरतात ४. मीरा रोहनला लागून असल्याने त्यातल्या २ राहतात: तन्वी, सारा, रोहन, मीरा, किंवा मीरा, रोहन, सारा, तन्वी. ही दोन्ही एकमेकांची उलट आहेत. शेवटच्या अटीने दुसरी बाद होते आणि उरते तन्वी, सारा, रोहन, मीरा.

दुसरी तपासणी मला जास्त महत्त्वाची वाटते. एकेक अट झाकायची आणि उरलेल्या तीन अटींवर कोडं सोडवून पाहायचं. तरीही एकच उत्तर आलं तर ती अट भरताड आहे. इथे रोहनच्या टोकाची अट झाकली तर तन्वी, सारा, मीरा, रोहन ही रांगही चालते. शेजाराची अट झाकली तर तन्वी, रोहन, सारा, मीरा चालते. साराच्या टोकाची अट झाकली तर चार उत्तरं निघतात. म्हणजे चारही अटी कामाच्या होत्या, एकही फुकट नव्हती.

याचा उपयोग पत्र टाइप होताना झाला. एका पानात बसावं म्हणून कार्यालयात कुणीतरी शेवटची अट आखडून ‘तन्वी सारालगत आहे’ अशी केली होती. वाचायला ती छान, सुटसुटीत. पण शेजाराच्या अटीत रांगेची दिशा उरत नाही, त्यामुळे पुन्हा दोन उत्तरं. छापण्याआधी पान नजरेखालून गेलं म्हणून मूळ वाक्य परत बसवता आलं. त्याऐवजी ‘कळावे, लोभ असावा’च्या आधीची दोन आभाराची वाक्यं काढली.

कोड्याखाली मी चार आडव्या, चार उभ्या रकान्यांचा तक्ता दिला. डावीकडे नावं, वर जागांचे क्रमांक. जिथे असणं शक्य नाही तिथे फुली, जिथे नक्की आहे तिथे बरोबरची खूण. क्लबमध्ये याच तक्त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. पहिल्या दोन अटींवरून साराच्या आणि रोहनच्या ओळीत पहिल्या आणि चौथ्या जागी फुल्या पडतात. त्या दोन अटी संपल्या, मूल म्हणतं, ‘बाई, आता पुढची अट?’ मी म्हणते, थांब, ओळी पाहिल्यास, आता उभे रकाने पाहा. पहिल्या रकान्यात दोन फुल्या, चौथ्या रकान्यात दोन फुल्या. म्हणजे दोन्ही टोकांना मीरा आणि तन्वीच असणार. त्या दोघींबद्दल तोपर्यंत एकही शब्द वाचलेला नसतो! जे सांगितलेलंच नाही ते सांगितलेल्यातून निघतं, हे त्या रकान्यात डोळ्यांना दिसतं. अंदाजाने नावं बसवणाऱ्या मुलांनाही या छोट्या कोड्याचं उत्तर मिळतं, कधी लवकरही मिळतं. पण ‘दुसरं उत्तर नाही कशावरून?’ विचारलं की त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं.

पालकांसाठी एवढंच लिहिलं: मूल अडलं तर उत्तर सांगू नका, ‘आतापर्यंत नक्की काय कळलं?’ एवढं विचारा. उत्तर आलं तर ‘कशावरून?’ विचारा. आणि दहा मिनिटांत कंटाळा आला तर कागद बाजूला ठेवा.

परत आलेल्या चिठ्ठ्यांमधून बरंच कळलं. बहुतेकांनी उत्तर बरोबर लिहिलं होतं, पण ‘कशावरून’च्या पुढची ओळ कोरी. काहींनी अटीच पुन्हा उतरवून काढल्या होत्या, जणू तेच कारण. एका आजोबांनी मात्र उलट्या दिशेने गाठलं होतं. तन्वी साराच्या पुढे, म्हणजे तन्वी चौथी असू शकत नाही. सारा आणि रोहन तर टोकाला नाहीतच. मग चौथी मीराच. मीराला लागून रोहन, म्हणजे तो तिसरा. उरलेल्या जागांत सारा टोकाला नको, म्हणून ती दुसरी आणि तन्वी पहिली. तीन ओळींत काम झालं होतं, आणि मोजदादही लागली नव्हती. माझ्या २४, १२, ४, २, १ पेक्षा ही वाट सरस. मी त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, ती पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिली.

काही चिठ्ठ्यांमध्ये प्रश्न होते. ‘गणितात गुण वाढतील का?’ हा आलाच. त्यांना मी पत्रातलंच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. त्यातल्या काहींनी मुलांना पाठवलं नाही, आणि ते योग्यच होतं. त्यांना जे हवं होतं त्यासाठी तो पाऊण तास उजळणीला देणं जास्त बरं. दुसरा प्रश्न मला जास्त लागला: ‘आमचा मुलगा अभ्यासात मागे आहे, चालेल का?’ पत्रात ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलं होतं, पण ‘तर्क’ हा शब्द वाचूनच काही घरांनी दार लावून घेतलं असावं. त्या पालकांना मी कळवलं की वाचता येणं आणि फुली मारता येणं एवढंच लागतं. वाचायला वेळ लागत असेल तर अटी मी मोठ्याने वाचून दाखवेन. पुढच्या पत्रात हे वाक्य वरच्या भागात, वेळेच्या शेजारी घातलं.

‘चिकाटी वाढते’ हे वाक्य घाला, असं मला काही सहकारी अजूनही सांगतात. मी घालत नाही. क्लबमध्ये चिकाटीची मुलं दिसतात हे खरं, पण जी कंटाळतात ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यायची थांबतात. उरलेल्यांकडे पाहून क्लबने चिकाटी शिकवली म्हणायचं, हा तर्काच्याच क्लबच्या पत्रात शोभणारा युक्तिवाद नाही.

दुसऱ्या सत्राच्या पत्रातलं कोडं मुलांनी रचलं. पाच जणांची रांग, म्हणजे १२० मांडण्या, आणि अटी सहा. झाकून पाहण्याची तपासणी त्यांनीच केली. त्यातल्या दोन अटी अशा निघाल्या की दोन्ही काढल्या तरी उत्तर एकच राहत होतं. मग वाद पेटला. एक गट म्हणाला, काढा, भरताड आहे. दुसरा म्हणाला, काढलं की घरच्यांना फार अवघड जाईल, आणि चिठ्ठ्या कोऱ्या येतील. कोडं रचणाऱ्या मुलीने शेवटी एक काढली आणि एक ठेवली. जी ठेवली तिने पहिली फुली लगेच मारता येत होती.